उतारावरचे सोळा वाफे

उताराच्या रानात सोयाबीनच्या चार वाणांची चाचणी घ्यायची, तर खालच्या अंगाला गाळ आणि ओल जास्त. तिथे पेरलेलं वाण फुकटात जिंकतं. म्हणून उताराला आडवे चार पट्टे पाडायचे. प्रत्येक पट्ट्यात चारही वाण, पण त्यांची जागा दरवेळी नव्याने चिठ्ठ्या टाकून ठरवायची.

कापणीनंतर ॲनोव्हा उत्पादनातल्या चढउताराची वाटणी करतं: काही वाणांमुळे, काही पट्ट्यांमुळे, उरलेला निव्वळ योगायोग. समजा, वाणांचा सरासरी वाटा 12 आणि योगायोगाचा 2 आला. भागाकार 6, पाच टक्क्यांच्या कसोटीला इथे 3.86 पुरतात, म्हणजे वाणांतला फरक मानायला हरकत नाही. पट्टे हिशेबात धरलेच नाहीत, तर उताराचा फरकही योगायोगाच्या खात्यात जाऊन तोच आकडा फुगतो आणि चांगलं वाण नापास होऊ शकतं. पट्टे उताराच्या दिशेने उभे आखले, तरी हेच होतं.