उणे बत्तीस लाख

सकाळी 8.50

नोव्हेंबर 2021. दिवाळीची सुट्टी संपून साइटवर मजूर परतायला लागले होते, पण ऑफिसात अजून फराळाचा डबा फिरत होता. लॅपटॉप उघडला तर अकाउंटंट मॅडमचा रात्रीचा मेल. जुलै ते सप्टेंबर तिमाहीच्या भाववाढीची एक्सेल, आणि मजुरीच्या ओळीत लाल अक्षरांत उणे 32 लाख. खाली एकच वाक्य: "सर, आपल्यालाच भरायचे आहेत का?"

मॅडम दिवाळीच्या आधीच रुजू झालेल्या. त्यांच्या जागी जे गृहस्थ होते ते निवृत्त होताना फाइल ठेवून गेले, पण फाइलमधलं डोकं बरोबर घेऊन गेले. करारातलं किंमतवाढीचं कलम साडेतीन पानांचं आहे. मी बावीस वर्षं बिलिंग करतोय तरी दर वेळी त्यातलं एखादं वाक्य दोनदा वाचावं लागतं. हिशेब करणाऱ्याने ते रोज वाचावं ही अपेक्षाच चुकीची. म्हणून ठरवलं, आजचा दिवस त्या कलमाची एका पानाची नोट करण्यात घालवायचा.

9.30

पहिली गोष्ट, मॅडमचा प्रश्न चुकीचा नव्हता. आमच्या करारात भाववाढ दोन्ही बाजूंनी चालते. निर्देशांक वाढला तर खातं आम्हाला देतं, घसरला तर आमच्या बिलातून कापून घेतं. म्हणजे उणे आकडा येऊ शकतो. पण जुलै-सप्टेंबरमध्ये मजुरीचा निर्देशांक साठ टक्क्यांहून जास्त पडला, असं या देशात कुणी म्हणेल का?

सूत्र हे:

```
V1 = 0.85 × P × K1/100 × (L1 − L0)/L0
```

V1 म्हणजे मजुरीपोटीची भाववाढ. P म्हणजे त्या तिमाहीत झालेल्या कामाची रक्कम, आणि खरी गोम त्यातच आहे, तिच्याकडे दुपारी येतो. K1 हा कामातला मजुरीचा टक्का, आमच्या टेंडरात 30. L0 हा टेंडरच्या वेळचा निर्देशांक, L1 हा चालू तिमाहीच्या तीन महिन्यांची सरासरी. आणि 0.85 म्हणजे रकमेतले पंधरा टक्के भाववाढीच्या बाहेर ठेवलेले. ठेकेदाराच्या नफ्याला आणि वरखर्चाला महागाईची भरपाई नको, असा त्यामागचा साधा विचार.

10.15

मॅडमना बोलावलं. त्यांनी आकडे कुठून घेतले ते विचारलं, तर अगदी योग्य ठिकाणाहून: केंद्राच्या लेबर ब्युरोचा औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक. आमच्या करारात अखिल भारतीय आकडा धरायचा आहे. टेंडर 2020 च्या मध्यातलं, म्हणून L0 साठी त्या वर्षीचे एप्रिल 329, मे 330, जून 332. सरासरी 330.33. चालू तिमाहीसाठी जुलै 122.8, ऑगस्ट 123.0, सप्टेंबर 123.3. सरासरी 123.03.

"आकडे तर बरोबर आहेत," मी म्हणालो. "पण पट्टी बदलली."

सप्टेंबर 2020 पासून ब्युरोने पायाभूत वर्ष 2001 वरून 2016 वर आणलं. ऑगस्ट 2020 चा निर्देशांक होता 338, सप्टेंबरचा आला 118.1. महागाई एका महिन्यात पडली नाही, शंभर कुठे धरायचे ते बदललं. दोन्ही मालिका जोडायला ब्युरोने गुणक दिला आहे, अखिल भारतीय आकड्यासाठी 2.88. केंद्रनिहाय निर्देशांक धरणाऱ्या करारात त्या त्या केंद्राचा गुणक वेगळा, तिथे हा 2.88 लावायचा नाही.

123.03 ला 2.88 ने गुणलं की 354.33 येतात. 330.33 वरून 354.33, म्हणजे सव्वासात टक्क्यांच्या आसपास वाढ. उणे 32 लाखांच्या जागी 3 लाख 70 हजार अधिक दिसायला लागले.

"पण सर, आधीच्या शीटमध्ये तर कुठे 2.88 नाहीये."

नव्हताच. आधीचे गृहस्थ कॅल्क्युलेटरवर गुणाकार करून थेट 350 च्या घरातला आकडा सेलमध्ये टाइप करत. उत्तर बरोबर, वाट पुसलेली. नोटमध्ये म्हणून L1 साठी तीन रकाने केले: प्रसिद्ध झालेला आकडा, गुणक आणि गुणाकार. गुणकाचा रकाना रिकामा असेल तर पुढे जायचं नाही.

11.40

चहा. स्टोअरकीपर चिवड्याची पुडी घेऊन आला. त्याच्याकडून एक गोष्ट विचारून घेतली, तिमाहीत स्टील किती आलं. "एकशेदहा टन," तो म्हणाला. हा आकडा मॅडमच्या शीटमध्येही होता. तो डोक्यात ठेवून मी पुन्हा कलमाकडे वळलो.

12.10

आता P. सेलवर क्लिक केलं तर तो सरळ तिमाहीच्या एकूण बिलाला जोडलेला: 2 कोटी. निम्म्या साइटवर हीच चूक सापडेल, कारण सूत्राखाली P चा अर्थ 'केलेल्या कामाची किंमत' असा सुरू होतो आणि वाचणारा तिथेच थांबतो. वाक्य पुढे चालू राहतं: वजा त्या तिमाहीत वापरलेल्या सिमेंटची आणि सळईची स्टार रेटने होणारी किंमत.

स्टार रेट म्हणजे टेंडरमध्ये या मालासाठी छापलेला मूळ दर. त्याचा बाजारभावाशी किंवा आमच्या खरेदीच्या बिलाशी संबंध नाही. सिमेंट आणि स्टील वजा करायचं कारण असं की त्यांच्या भाववाढीला कलमात वेगळं सूत्र आहे. तिथे एकदा भरपाई मिळते. P मधून वजा केलं नाही तर त्याच सिमेंटवर घाऊक निर्देशांकाची वाढ दुसऱ्यांदा मागितली जाते.

नोटसाठी आकडे गोल करून घेतले. सिमेंट 400 टन, स्टार रेट 5,500, म्हणजे 22 लाख. स्टील 80 टन, स्टार रेट 45,000, म्हणजे 36 लाख. 2 कोटींतून 58 लाख गेले, P उरला 1 कोटी 42 लाख. मजुरीची ओळ 3 लाख 70 हजारांवरून 2 लाख 63 हजारांवर आली.

इतर साहित्याच्या ओळीत फरक जास्त बोचतो, कारण तिथे टक्का 65 आहे. घाऊक निर्देशांक 14 टक्के वाढला असं उदाहरणापुरतं धरलं, तर पूर्ण बिलावर 15 लाख 47 हजार होतात आणि योग्य P वर 10 लाख 98 हजार. दोन ओळी मिळून साडेपाच लाखांची जादा मागणी. ही चूक दिसत नाही, कारण आकडा उणे नसतो, लाल होत नाही. अधिकची चूक कुणी तपासत नाही.

दुपारी 1.30

डबा. मेथीची भाजी. मॅडम जेवता जेवता म्हणाल्या, "मला 80 टन कुठून आले ते कळलं नाही. खरेदी तर 110 आहे."

हाच प्रश्न यायला हवा होता.

2.15

त्यांना यार्डात नेलं. मोजायचं काही नव्हतं, फक्त बघायचं होतं. पत्र्याच्या शेडखाली लाकडी ओंडक्यांवर सळईचे बंडल, टोकांना मिलचे पत्र्याचे टॅग तसेच लटकलेले. 16 मिलिमीटर, 12 मिलिमीटर, 8 ची वेटोळी. साधारण 30 टन. "हे सप्टेंबरमध्ये आलं. यातली एकही सळई अजून स्लॅबमध्ये गेलेली नाही."

स्टीलचं सूत्र असं:

```
V = S0 × (SI1 − SI0)/SI0 × T
```

S0 हा स्टार रेट, SI हे स्टीलचे निर्देशांक आणि T म्हणजे त्या तिमाहीत कायम कामात वापरलेले टन. इथे 0.85 नाही, टक्काही नाही, कारण मालाचं वजनच हातात आहे. पण वजन खरेदीच्या रजिस्टरमधून घ्यायचं नाही. मोजमाप पुस्तकात, म्हणजे एम.बी. मध्ये, बांधलेल्या सळईचं जे वजन नोंदवून खात्याच्या अभियंत्याने सही केली, तेच T.

निर्देशांक 30 टक्के वाढला असं समजलं तर 80 टनांवर 10 लाख 80 हजार मिळतात. 110 धरले तर 14 लाख 85 हजार. हे 30 टन नंतर वापरले की पुढच्या तिमाहीत पुन्हा येतील, तेव्हा तीच सळई दोनदा मागितल्यासारखं होईल. ताळा करायची सोपी खूण मॅडमनीच सांगितली: आरंभीची शिल्लक, अधिक आवक, वजा अखेरची शिल्लक. ती बेरीज एम.बी. च्या वजनापासून थोडीफार, कटिंगच्या वाया गेलेल्या तुकड्यांइतकीच, लांब असावी. जास्त लांब गेली तर एक रजिस्टर चुकलंय. मी ते नोटमध्ये तसंच घातलं.

3.45

तिमाही कोणती, यावर मात्र आमचं थोडं वाजलं. आर.ए. बिल 10 ऑक्टोबरला निघालं, म्हणून मॅडमनी त्यातली एक स्लॅब ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये टाकलेली. हिशेबाच्या वहीत बिलाची तारीख देव असते. इथे काम झाल्याची तारीख चालते. स्लॅब 21 सप्टेंबरला पडली, एम.बी. त तशी नोंद आहे, म्हणजे ती आधीच्या तिमाहीची. बिल दोन तिमाह्यांवर पसरलं असेल तर एम.बी. च्या पानांवरून त्याचे दोन तुकडे करायचे. कंटाळवाणं आहे, पण निर्देशांक चढता असताना खातं बरोबर हेच बघतं.

5.00

उरलेलं भराभर. घाऊक निर्देशांक आधी तात्पुरता येतो आणि दहा आठवड्यांनी अंतिम होतो, त्यामुळे सप्टेंबरचा आकडा अजून कच्चा. वहीत आज तरतूद घ्या, पण शेजारी 'तात्पुरता' लिहा आणि अंतिम आकडा आला की फरकाचीच नोंद करा, जुनी खोडू नका. आणि एक चौकट ठळक केली: कामाची करारातली मुदत संपल्यानंतरच्या कोणत्याही तिमाहीला हे पान वापरायचं नाही. मुदतवाढ कुणाच्या चुकीने मिळाली त्यावर कोणता निर्देशांक धरायचा ते ठरतं, आणि ते एका पानात बसत नाही. तिथे फक्त 'बिलिंगला विचारा' एवढंच.

पान भरलं. सूत्रं चार आली: मजुरी, इतर साहित्य, डिझेल आणि सिमेंट-स्टीलचं समाईक. प्रत्येक अक्षरापुढे ते कुठून घ्यायचं, त्या कागदाचं नाव.

6.50

गाडीला किल्ली लावली तोच फोन. "सर, नोट समोर ठेवून एप्रिल-जूनची शीट उघडली. तिथेही P एकूण बिलालाच जोडलाय."

"ते बिल कुठे आहे आत्ता?"

"गेल्या महिन्यात खात्यात गेलंय. तपासणीला पडून आहे."

"पास नाही ना झालं?"

"नाही."

गाडी बंद केली आणि परत वर गेलो. त्या तिमाहीची एम.बी. काढून सिमेंटच्या नोंदी मॅडमना वाचून दाखवायला बसलो, त्या टाइप करत होत्या.