क्लॅश शून्य, जागाही शून्य

2011 साली ‘इंजिनिअरिंग न्यूज-रेकॉर्ड’ या अमेरिकी बांधकाम साप्ताहिकात एका दाव्याची हकिगत छापून आली. एका विद्यापीठाची जीवविज्ञानाची इमारत बांधली जात होती. प्रयोगशाळा म्हटली की फॉल्स सीलिंगच्या वर हवेचे डक्ट, पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप, केबलचे ट्रे यांची दाटी होणारच. डिझाइन करणाऱ्यांनी ती सगळी दाटी त्रिमितीय मॉडेलमध्ये, म्हणजे ज्याला आता सगळे बीआयएम म्हणतात त्यात, नीट बसवली होती. कंत्राटदाराने काम सुरू केलं, सुमारे 70 टक्के जोडणी झाली आणि पुढचं बसवायला जागाच उरली नाही. मॉडेल चुकलेलं नव्हतं. पण त्यातली मांडणी इतकी घट्ट होती की ती एका ठरावीक क्रमानेच बसली असती, आणि हा क्रम कंत्राटदाराला कोणी सांगितलाच नव्हता. प्रकरण तडजोडीने मिटलं, तेही लाखो डॉलर मोजून.

बीआयएम विकणारे आणि शिकवणारे दोघेही ‘झिरो क्लॅश’ हे ध्येय सांगतात. म्हणजे बांधकामाआधी मॉडेलमध्ये बीम, डक्ट आणि पाइप कुठे एकमेकांत घुसतात ते शोधायचं आणि यादी शून्यावर आणायची. वरच्या इमारतीची यादी जवळपास तशीच असणार. माझं म्हणणं असं की क्लॅश शोधणं हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. अवघड आहे ते कोणी सरकायचं हे ठरवणं, आणि ते काँक्रीट ओतायच्या आत ठरवणं. हे दोन्ही करताना पाइप प्रत्यक्ष लटकवणारा माणूस टेबलाशी नसेल, तर शून्य हा आकडा फारसं काही सांगत नाही.

आधी यंत्र नेमकं काय करतं ते पाहू. आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि एमईपीवाले, म्हणजे वातानुकूलन, वीज आणि प्लंबिंगचे सल्लागार, आपापली मॉडेलं वेगळी बनवतात. ती नेव्हिसवर्क्स किंवा सोलिब्रीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवली जातात. मग एका बाजूला, समजा, सगळे बीम आणि दुसऱ्या बाजूला सगळे डक्ट निवडून चाचणी लावायची. सोबत किती मिलिमीटरपर्यंतची घुसखोरी सोडून द्यायची तेही सांगायचं. सॉफ्टवेअरच्या लेखी प्रत्येक वस्तू म्हणजे छोट्या त्रिकोणांनी बनलेला पृष्ठभाग असतो, आणि एका वस्तूचे त्रिकोण दुसरीच्या त्रिकोणांना छेदतात का हे ते तपासतं. याची एक मर्यादा नेव्हिसवर्क्सच्या मदत-पुस्तिकेतच दिली आहे. दोन पाइप अगदी समांतर असतील आणि टोकाशी थोडेसेच एकमेकांत गेलेले असतील, तर त्रिकोण कुठेच छेदत नाहीत आणि नेहमीच्या ‘हार्ड’ चाचणीतून हा क्लॅश निसटू शकतो. त्यासाठी ‘कन्झर्व्हेटिव्ह’ अशी वेगळी चाचणी आहे, पण ती खोटे इशारे जास्त देते. म्हणजे यादी शून्य झाली ती कोणत्या चाचणीने आणि किती मिलिमीटरच्या सवलतीने, हे विचारल्याशिवाय त्या शून्याला अर्थ नाही.

आता नमुन्यादाखल एका रुग्णालयाचा कॉरिडॉर घेऊ; मापं आपल्याकडच्या आरसीसी इमारतीत सहज आढळतील अशी. कॉरिडॉर 2.4 मीटर रुंद. एका स्लॅबच्या माथ्यापासून वरच्या स्लॅबच्या माथ्यापर्यंत 4000 मिलिमीटर. स्लॅब 150 जाडीचा, आणि स्लॅब धरून बीमची खोली 750. म्हणजे बीमचा तळ 3250 वर आला. खाली 50 मिलिमीटर फ्लोअरिंग आणि त्यावर 2700 उंचीला फॉल्स सीलिंग, म्हणजे सीलिंग 2750 वर. मधे राहिले 500. त्यातले 75 सीलिंगचा सांगाडा आणि दिवे खातात. उरलेल्या 425 मध्ये, बीमच्या खालून, कॉरिडॉरच्या लांबीने 350 खोलीचा डक्ट न्यायचा आहे. त्याला दोन्ही अंगांनी 25 मिलिमीटरचं इन्सुलेशन, म्हणजे 400. शिल्लक 25. मॉडेल म्हणतं, बसलं.

एवढ्यात वरच्या मजल्यावरच्या टॉयलेटचा 110 मिलिमीटरचा पाइप येतो. त्याला कॉरिडॉर आडवा ओलांडून पलीकडच्या शाफ्टमध्ये उतरायचं आहे. कॉरिडॉरच्या दोन्ही कडांना लांबीने गेलेले बीम आहेत आणि पाइपच्या वाटेत ते दोन्ही येतात. त्यांच्या खालून जायचं तर पाइपचे 110 आणि 80 ला 1 या उताराने 2.4 मीटरमध्ये पडणारे 30, मिळून 140 मिलिमीटर हवेत. आपल्याकडे 25 आहेत. इथे यंत्र लाल रंग दाखवतं आणि थांबतं. पुढचा विचार माणसाचा. डक्ट चपटा करता येतो: 600 बाय 350 च्या जागी 250 खोली घेतली, तर तेवढ्याच क्षेत्रफळाला 840 रुंदी लागते. चपट्या डक्टमध्ये हवेला घर्षण जास्त होतं, म्हणून त्याहून थोडी अधिकच. पण त्याच कॉरिडॉरमध्ये केबल ट्रे, फायरची लाइन आणि मेडिकल गॅसचे पाइपही आहेत. सीलिंग खाली आणावं तर आर्किटेक्ट तयार होणार नाही. सांडपाण्याचा पाइप मात्र वर उचलता येत नाही, कारण त्यातलं पाणी पंपाने नाही, उताराने जातं. वीज वळते, दाबाखालचं पाणी वळतं, हवा कुरकुरत वळते. सांडपाणी वळसा घालून वर चढत नाही. म्हणून समन्वयात उताराच्या पाइपाला आधी वाट द्यायची असते.

वाट निघते ती बीमच्या पोटातून. डक्टच्या वर, स्लॅबच्या खाली मोकळी जागा आहे. बीममध्ये 160 मिलिमीटरची स्लीव्ह ठेवली आणि पहिल्या बीममध्ये तिचं केंद्र माथ्यापासून 340 वर धरलं, तर उतारामुळे दुसऱ्या बीममध्ये ते 370 वर येतं. दोन्ही भोकं बीमच्या खोलीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात राहतात, पाइपचा तळ डक्टपासून 300 मिलिमीटरहून अधिक वर राहतो आणि डक्टला हातही लावावा लागत नाही. पण ही मंजुरी स्ट्रक्चरल इंजिनिअरची. भोक कॉलमच्या जवळ नको, कारण तिथे कर्तनबल सर्वाधिक असतं. भोकाभोवती जादा रिंगा लागतील का, तेही तोच सांगणार. आणि हे सगळं सळई बांधायच्या आत ठरायला हवं. बीम भरून झाल्यावर उरतो तो कोअर कटिंगचा पर्याय, आणि त्यात सळई कापली जाण्याचा धोका असतो. म्हणजे या क्लॅशची खरी मुदत बांधकाम सुरू होण्याशी बांधलेली नाही; त्या मजल्याच्या सळईचं ड्रॉइंग साइटवर जाईल तो दिवस म्हणजे मुदत.

आता त्या शिल्लक 25 मिलिमीटरकडे परत येऊ. डक्टचे तुकडे फ्लँजने जोडतात, आणि 30 मिलिमीटरची फ्लँज 25 च्या इन्सुलेशनबाहेर वरखाली पाच-पाच मिलिमीटर डोकावते. डक्ट ज्यावर टेकतो तो लोखंडी अँगल किंवा चॅनल खालून आणखी सुमारे 40 घेतो. शिवाय आयएस 456 या भारतीय मानकाप्रमाणे बीमच्या छेदाचं माप 12 मिलिमीटरपर्यंत जास्त भरलं तरी ते चालतं. बेरीज केली तर डक्ट सीलिंगच्या सांगाड्यात घुसतो. यंत्र मात्र गप्प, कारण फ्लँज आणि चॅनल मॉडेलमध्ये काढलेलेच नव्हते आणि बीम कागदावरच्या मापाचा होता. मॉडेलमध्ये कोणती गोष्ट किती तपशिलाने काढायची याचे स्तर अमेरिकेतल्या बीआयएमफोरमने ठरवून दिले आहेत. त्यात आधार आणि जोड 350 या स्तराला येतात. सल्लागाराचं मॉडेल बहुधा त्याच्या आधीच्या पायरीवर थांबलेलं असतं. कोणत्या कंपनीची फ्लँज येणार, रॉड कुठे लटकवणार, हे कंत्राटदार ठरतो तेव्हाच कळतं.

उलट चूकही तितकीच होते. एक डक्ट दहा बीम ओलांडतो आणि सगळीकडे थोडा घुसतो. यंत्र दहा क्लॅश मोजतं, निर्णय मात्र एकच असतो. भिंतीतून जाणारा प्रत्येक पाइप यादीत चढतो, वास्तविक तिथे भोक ठेवायचंच असतं. मोठ्या इमारतीची पहिली यादी हजारोंच्या घरात जाते ती यामुळे. मग आठवड्याच्या अहवालात ‘चार हजारांवरून चारशेवर’ असा आलेख येतो आणि सगळे समाधानी होतात. घटले ते भिंतीतले पाइप असतील आणि टॉयलेटचा तो एक पाइप अजून बीममध्येच अडकलेला असेल, तर आलेख छान आहे एवढंच म्हणता येईल.

विद्यापीठाच्या त्या इमारतीसमोर ठेवावं असं एक उदाहरण आहे: कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू इथलं कॅमिनो मेडिकल ग्रुपचं सुमारे अडीच लाख चौरस फुटांचं केंद्र. अतुल खानझोडे, मार्टिन फिशर आणि डीन रीड यांनी 2008 साली त्यावर शोधनिबंध लिहिला. तिथे डक्ट, प्लंबिंग, वीज आणि स्प्रिंकलरच्या कंत्राटदारांचे ड्राफ्ट्समन साइटवरच्या एकाच मोठ्या खोलीत बसले आणि त्यांनी आपापली मॉडेलं स्वतः काढली. जो बसवणार त्यानेच काढलं, म्हणून आधार, फ्लँज आणि बसवायचा क्रम हे सगळं मॉडेलमध्ये आपोआप आलं. मॉडेल केलेल्या यंत्रणांची साइटवर एकमेकांशी टक्कर झाली म्हणून जादा कामाचा एकही दावा आला नाही, असं लेखकांनी नोंदवलं आहे. मॉडेल दोन्हीकडे होतं. फरक पडला तो ते कोणी काढलं आणि कोणाला माहीत होतं यात.

यावर साइटवरच्या अनुभवी माणसांचा आक्षेप असा की एवढा खटाटोप कशाला, फोरमन जागेवर मार्ग काढतोच. काढतो हे खरं, पण जागेवर नियम चालतो तो जो आधी आला त्याचा. डक्टवाला आधी आला तर तो सोयीची उंची घेऊन मोकळा होतो, आणि ज्या पाइपाला वळताच येत नाही तो मागून येतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: क्लॅश शोधत बसण्यापेक्षा ते होऊच नयेत असं डिझाइन करा, उंचीचे पट्टे आधीच वाटून द्या. हे मला मान्य आहे; वरच्या कॉरिडॉरमध्ये स्लॅबखालचा पट्टा उताराच्या पाइपांना आणि बीमखालचा डक्टला असं पहिल्याच बैठकीत ठरलं असतं, तर लाल रंग दिसलाच नसता. तरीही यंत्र लागतंच, कारण वाटलेला पट्टा पाळला गेला की नाही हे शेकडो खोल्यांत डोळ्यांनी तपासणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. तिसरा आक्षेप पैशाचा: कंत्राटदाराला इतक्या लवकर आणायचं तर त्याची नेमणूकही लवकर हवी, मग स्पर्धेत दर कसा मिळणार? याला पूर्ण उत्तर नाही. समन्वयाचा खर्च आधी आणि ठळक दिसतो, तोडफोडीचा नंतर येतो आणि दहा बिलांत विखुरतो. म्हणून पहिला खर्च नाकारणं सोपं जातं.

आपल्याकडे नागपूर मेट्रोने मॉडेलला वेळ आणि खर्च जोडून पाच मितींचं बीआयएम वापरलं. पुण्या-मुंबईतली अनेक कार्यालयं तर अमेरिका-ब्रिटनमधल्या इमारतींचे क्लॅश अहवाल रोज तयार करतात. तिथल्या मुलांना सॉफ्टवेअर तोंडपाठ आहे, पण ती इमारत बांधणारा माणूस त्यांच्या खोलीत कधीच नसतो. इथल्या खासगी इमारतींत अडतं ते कामांच्या क्रमात. आरसीसीचं कंत्राट आधी निघतं, एमईपीचं काही महिन्यांनी, आणि डक्टची शॉप ड्रॉइंग येईपर्यंत तीन-चार मजले भरून झालेले असतात. करारातही मॉडेल बहुतेक वेळा ‘फक्त माहितीसाठी’ असतं. वाद झाला की सही केलेलं कागदी ड्रॉइंगच ग्राह्य धरलं जातं. मॉडेलमध्ये मिटलेला क्लॅश त्या ड्रॉइंगवर उतरलाच नाही तर साइटच्या दृष्टीने तो मिटलेलाच नसतो. म्हणून मालकाने क्लॅशचा आलेख मागण्याआधी प्रत्येक मजल्याचं स्लीव्ह ड्रॉइंग मागावं. त्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअर, एमईपी सल्लागार आणि प्लंबिंग कंत्राटदार या तिघांची सही असावी, आणि ती त्या मजल्याच्या सळईच्या ड्रॉइंगच्या तारखेआधीची असावी. प्लंबिंग कंत्राटदार अजून नेमलाच नसेल, तर तिसऱ्या सहीची रिकामी जागा पाहून मालकाला निदान एवढं कळेल की मॉडेलमधलं शून्य कोणाच्या भरवशावर उभं आहे.