गच्ची दुसऱ्याकडे देताना

सोसायटीच्या रंगकामाचं कंत्राट घेणाऱ्याकडे रंगारी स्वतःचे असतात. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची माणसं मात्र बरेचदा दुसऱ्या कुणाची तरी असतात. त्यात गैर काही नाही. जुना कोबा फोडणं, पाण्याचा उतार नीट काढणं, कठड्याच्या कडेने वाटा भरणं हे वेगळं कसब आहे आणि ते ज्याच्या हातात आहे त्यानेच करावं. खटका उडतो तो मे महिन्यात एखाद्या सकाळी अनोळखी मुकादम मजूर घेऊन गेटवर उभा राहतो आणि सेक्रेटरीला तेव्हा पहिल्यांदा कळतं म्हणून.

कायदा इथे सरसकट मनाई करत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ मधलं कलम ४० सांगतं, की काम त्याच माणसाने करावं असा दोन्ही पक्षांचा हेतू दिसत असेल, तर त्यानेच ते केलं पाहिजे. एरवी तो दुसऱ्या सक्षम माणसाकडून करून घेऊ शकतो. चित्रकाराकडून चित्र काढून घेणं पहिल्या प्रकारात बसतं. गच्चीचं काम बहुधा दुसऱ्या प्रकारात येतं. पण ‘पूर्वपरवानगीशिवाय पोटकंत्राट देऊ नये’ अशी अट वर्क ऑर्डरमध्ये असली, तर ती पाळावीच लागते. म्हणून आधी वर्क ऑर्डर काढून वाचावी. अट नसली तरी विचारावं, असं माझं ठाम मत आहे. कमिटीने कंत्राटदाराची जुनी कामं पाहून त्याला निवडलेलं असतं, आणि त्या निवडीवर सभासदांचे पैसे लागलेले असतात.

समजा, चार मजली इमारतीचं बाहेरचं रंगकाम आणि गच्ची मिळून १२ लाखांचं काम आहे, त्यातली गच्ची ३ लाखांची. कंत्राटदाराने कोटेशन देतानाच हे सांगितलं तर उत्तम. नंतर ठरलं असेल, तर गच्चीच्या कामाचा ॲडव्हान्स मागण्याआधी सांगावं. मार्चमध्ये पत्र गेलं तर कमिटीला सभा घेऊन विचार करता येतो. मेअखेरीस पाऊस तोंडावर असताना मागितलेली संमती ही नाइलाजाची संमती असते, आणि पहिल्या गळतीला तीच उकरून काढली जाते.

पत्र साधं असावं:

‘वर्क ऑर्डरमधल्या कामांपैकी फक्त गच्चीचं वॉटरप्रूफिंग आम्ही सोबत नाव दिलेल्या पोटकंत्राटदाराकडून करून घेऊ इच्छितो, कारण या कामाची तयार माणसं त्यांच्याकडे आहेत. त्यांनी केलेल्या दोन गच्च्यांचे पत्ते जोडले आहेत. आपण त्या पाहाव्यात. दर, मुदत आणि गॅरंटी तीच राहील. कामाची पूर्ण जबाबदारी आमचीच असेल. बिल आम्हीच देऊ, पेमेंट आम्हालाच करावं. आपली लेखी संमती मिळाल्यावरच काम सुरू करू.’

यातलं शेवटचं वाक्य गाळू नये. ‘आठ दिवसांत कळवलं नाही तर संमती धरू’ असं लिहिणारे असतात. कमिटीच्या गप्प राहण्याला होकार मानून काम सुरू केलं, तर वाद झाल्यावर दाखवायला हातात काही नसतं. सेक्रेटरी जिन्यात ‘करा हो’ म्हणाले, तेवढ्यावरही विसंबू नये.

संमती दिली म्हणजे मूळ कंत्राटदार सुटला, असा समज दोन्हीकडे आढळतो. तो चुकीचा आहे. सोसायटीचा करार त्याच्याशीच राहतो. पोटकंत्राटदाराचा करार कंत्राटदाराशी असतो. जबाबदारी खरोखर दुसऱ्याकडे द्यायची, तर तिघांच्या सह्यांचा नवा करार हवा. म्हणून गॅरंटीचा कागद कोणाच्या लेटरहेडवर आहे हे कमिटीने पाहावं. ‘गच्चीचे पैसे थेट त्यांच्या खात्यात टाका’ असा निरोप आला, तर तिथेच थांबून लेखी खुलासा मागावा. पैसे थेट गेले की पुढे ‘तो व्यवहार तुमचा आणि त्यांचा’ असं ऐकावं लागतं. काम झाल्यावर पावसाळी पाइपांची तोंडं बंद करून गच्चीवर निदान ४८ तास पाणी साठवतात, कठड्यावर पाण्याच्या पातळीची खूण करतात आणि वरच्या मजल्याची छतं खालून तपासतात. त्या तपासणीला मूळ कंत्राटदार स्वतः हजर हवा. त्याने मुकादमाला पाठवून भागवलं, तर जबाबदारी आमचीच हे वाक्य कागदावरच राहिलं असं समजावं.

कमिटी नकारही देऊ शकते, आणि पत्रात त्याची सोय असावी. एक वाट म्हणजे कंत्राटदाराने दुसरं नाव सुचवणं. दुसरी म्हणजे गच्ची या कामातून वगळून सोसायटीने ती स्वतः कुणाला देणं. ही दुसरी वाट निवडली, तर कठड्याचा सांधा कोणाचा हे आधी लिहून घ्यावं. वरच्या मजल्यावरच्या भिंतीत ओल आली, की गच्चीवाला बाहेरच्या भिंतीच्या तड्यांकडे बोट दाखवतो आणि रंगकामवाला गच्चीच्या वाट्याकडे. कठड्याची आतली बाजू, वरचा माथा आणि वाटा गच्चीवाल्याकडे, बाहेरची बाजू रंगकामवाल्याकडे, अशी हद्द दोन्ही वर्क ऑर्डरमध्ये एकाच शब्दांत यायला हवी.