डेल्टा शून्य ठेवण्याचा खर्च

निफ्टी वर गेला काय आणि खाली आला काय, आपल्याला फरक पडू नये, अशी रचना करून पैसे कमावता येतात. ऑप्शन विकणाऱ्यांच्या भाषेत ही डेल्टा-न्यूट्रल पद्धत. तिचं गणित खरं आहे, मोठे फंड आणि दलाली पेढ्या त्यावर वर्षानुवर्षं चालतात. पण तीच पद्धत दहा-बारा लाखांचं भांडवल असलेल्या माणसाने वापरली तर बहुतेकदा नफा दलाल, एक्स्चेंज आणि सरकार यांच्यात वाटला जातो आणि त्याच्या हाती फारसं काही उरत नाही. हे कुठे घडतं ते एका उदाहरणाने पाहू. दर २०२५ सालचे धरले आहेत. तेव्हा निफ्टीचा एक लॉट ७५ नगांचा होता.

निफ्टी २५,००० वर आहे आणि एक्स्पायरीला सात दिवस आहेत. आपण २५,००० चे चार लॉट कॉल आणि चार लॉट पुट विकले. यालाच शॉर्ट स्ट्रॅडल म्हणतात. दोन्ही मिळून नगामागे सुमारे ३३२ पॉइंट प्रीमियम आला, म्हणजे ३०० नगांचे जवळजवळ एक लाख रुपये. या प्रीमियममध्ये बाजाराचा एक अंदाज दडलेला असतो: निफ्टीची चढउतार वर्षाला १२ टक्के या वेगाने होईल. आपलं मत असं, की ती ११ टक्क्यांनीच होईल. आपला सगळा फायदा या एका टक्क्यात आहे. ट्रेडर त्याला ‘एज’ म्हणतात.

सुरुवातीला कॉल आणि पुट एकमेकांना तोलून धरतात. पोझिशनचा डेल्टा शून्य असतो, म्हणजे निफ्टी थोडा हलला तरी नफा-तोटा जवळपास नाही. पण निफ्टी १०० पॉइंट चढला की तोल ढळतो. विकलेला कॉल जड होतो, पुट हलका होतो, आणि आपली अवस्था निफ्टीचे ५८ नग विकून बसलेल्या माणसासारखी होते. डेल्टा उणे ५८. आणखी चढलं तर तोटा वाढत जाणार, म्हणून आपण निफ्टी फ्युचरचा एक लॉट विकत घेतो आणि डेल्टा पुन्हा शून्याजवळ आणतो. बाजार उतरला की तो लॉट विकून टाकतो. या दुरुस्तीला हेजिंग म्हणतात.

इथे नवख्याला पहिला धक्का बसतो. स्ट्रॅडल विकणाऱ्याचं हेजिंग नेहमी महागात घेणं आणि स्वस्तात विकणं असंच असतं. २५,१३० ला घेतलेला लॉट २५,००० ला परत विकला की ९,७५० रुपयांचा तोटा वहीत दिसतो आणि माणूस हादरतो. पण हा तोटा अपेक्षितच आहे, कारण दुसऱ्या बाजूने विकलेल्या ऑप्शनची किंमत रोज झिजत असते. आपल्या उदाहरणात ही झीज कामकाजाच्या दिवसाला सुमारे १०,३०० रुपये आहे आणि चढउतार खरोखर ११ टक्क्यांची असेल तर चढ्या-उतरत्या हेजिंगमध्ये सरासरी ८,६०० रुपये जातात. उरतात दिवसाचे साधारण १,६६० रुपये. कुठलाही खर्च न धरता आपला सगळा एज एवढाच आहे, आणि तो वेळेनुसार मिळतो. दिवसात एकदा हेज केलं काय आणि दहादा केलं काय, सरासरी एज १,६६० च राहतो. खर्च मात्र दरवेळी वेगळा लागतो.

तो किती लागतो? फ्युचरच्या एका लॉटची किंमत पावणेएकोणीस लाख. विकताना रोखे व्यवहार कर, म्हणजे एसटीटी, ०.०२ टक्के: ३७५ रुपये. १ ऑक्टोबर २०२४ पर्यंत हाच दर ०.०१२५ टक्के होता. एक्स्चेंजचं शुल्क ३२ रुपये, दलाली २० धरू, दोन्हींवर जीएसटी, वर सेबीची किरकोळ फी. विक्रीचा खर्च ४३९ रुपयांच्या घरात जातो. खरेदीला एसटीटी नाही, मुद्रांक शुल्क आहे. तिथे १०१ रुपये. सरासरी २७०. त्यात भाव एखाद्या पॉइंटने हुकतो त्याचे ७५ मिळवा. एक हेज सुमारे ३४५ रुपयांना पडतं. ज्या दलालीची जाहिरात होते ती यात सर्वांत लहान रकमांपैकी एक आहे. फ्युचरवर हेज करणाऱ्याला खरा चटका एसटीटीचा बसतो. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार तीन आर्थिक वर्षांत वैयक्तिक ट्रेडरांनी फ्युचर-ऑप्शनमध्ये व्यवहारखर्चापोटी सुमारे ५०,००० कोटी रुपये मोजले. तो आकडा अशाच साडेतीनशे-साडेचारशेंनी बनलेला आहे.

आता मूळ प्रश्न: डेल्टा कितीपर्यंत वाढू द्यायचा आणि कधी हात घालायचा? मोठ्या फंडाकडे हजारो लॉट असतात, त्यामुळे त्याला हवा तेवढा बारीक तुकडा घेता येतो. आपल्याकडे ७५ पेक्षा लहान तुकडाच नाही. समजा आपण सावधपणे ठरवलं की डेल्टा ४५ झाला की दुरुस्ती करायची. निफ्टी चढून डेल्टा उणे ४५ झाला, एक लॉट घेतला, आता डेल्टा अधिक ३० झाला. दुसऱ्या टोकाच्या मर्यादेपासून आपण फक्त १५ दूर आहोत. निफ्टी २६ पॉइंट खाली आला की डेल्टा अधिक ४५, विका. पुन्हा २६ पॉइंट वर, घ्या. एवढी हालचाल निफ्टी दहा-पंधरा मिनिटांत सहज करतो. हिशेब केला तर दिवसाला सरासरी नऊ हेज होतात आणि सुमारे ३,१०० रुपये खर्च होतात. एज १,६६० चा. म्हणजे अंदाज बरोबर ठरूनही रोज चौदाशे रुपयांचं नुकसान, आणि तेही शिस्त पाळून!

मर्यादा ६० केली तर हेज दिवसाला तीनवर येतात आणि खर्च हजारावर. ७५, म्हणजे बरोबर एक लॉट ठेवली, तर दुरुस्तीनंतर डेल्टा नेमका शून्यावर येतो. दिवसाला दोनपेक्षा कमी हेज, खर्च सहाशेच्या आसपास. १०० ठेवली तर एखादंच हेज, पावणेचारशे. पंधरा नगांचा फरक एके ठिकाणी दोन हजार रुपये वाचवतो, दुसऱ्या ठिकाणी चारशे. म्हणून मर्यादा ठरवताना मी आधी लॉटकडे बघतो, मग बाकीच्या सगळ्याकडे. अर्ध्या लॉटच्या, म्हणजे ३७ च्या जवळ जाणारी कुठलीही मर्यादा घातक आहे. आपण त्यात अडकलो आहोत का हे वहीतून लगेच कळतं: एकामागून एक उलट दिशेचे सौदे, आणि त्यांच्या भावांत वीस-तीस पॉइंटांचंच अंतर.

मग मर्यादा आणखी ढिली का सोडू नये? कारण हेज न केलेला डेल्टा ही दिशेवर लावलेली पैजच असते. ७५ च्या मर्यादेवर आठवड्याचा निकाल सरासरीपासून साधारण १२,००० रुपये इकडे-तिकडे झुलतो. १०० वर तो १६,००० नी झुलतो, ६० वर दहा हजारांच्या आत येतो. प्रवेश आणि बाहेर पडण्याचे मिळून ९०० रुपये वजा केले तर ७५ वर आठवड्याला सरासरी ४,३०० उरतात, १०० वर ५,५००, आणि ६० वर फक्त २,३००. उरलेल्या नफ्याचं झुलण्याशी प्रमाण ७५ आणि १०० या दोन्ही ठिकाणी जवळपास सारखंच येतं. ६० वर ते स्पष्टपणे घसरतं. एक ते सव्वा लॉट या पट्ट्यात कुठेही मर्यादा ठेवा, फार फरक पडत नाही. ७८ की ८२ यावर डोकं शिणवण्यात अर्थ नाही. या झुलण्याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा. ४,३०० च्या सरासरीभोवती १२,००० ची झोळ असेल तर तीन-चार आठवडे सलग तोटा होणं अगदी शक्य आहे, आणि दोन-तीन महिन्यांच्या नफ्यावरून आपला अंदाज बरोबर होता असंही ठरत नाही. शिवाय सकाळी निफ्टी थेट २०० पॉइंट वर उघडला तर कुठलीच मर्यादा मदतीला येत नाही. डेल्टा एका क्षणात ११५ ला पोचलेला असतो.

वरचे आकडे ऑप्शनची संवेदनशीलता, म्हणजे गॅमा, आठवडाभर स्थिर धरून काढले आहेत. प्रत्यक्षात निफ्टी २५,००० च्या आसपासच घुटमळत राहिला तर एक्स्पायरीला एक दिवस उरला असताना गॅमा अडीच पटीहून जास्त झालेला असतो. तीच ७५ ची मर्यादा त्या दिवशी बारा वेळा लागू शकते. व्हॅली आणि विल्मॉट या गणितज्ञांनी १९९७ मध्ये दाखवलं की खर्च धरला तर डेल्टाची मर्यादा गॅमाबरोबर वाढवत न्यायला हवी, पण गॅमाच्याच पटीत नव्हे, त्याहून थोडी हळू. अडीच पट गॅमाला मर्यादा पावणेदोन पटीच्या थोडी वर. आपल्या हिशेबात ती दोन लॉटच्या जवळ जाते. चार लॉटच्या स्ट्रॅडलमध्ये दोन लॉट उघडे ठेवायचे म्हणजे डेल्टा-न्यूट्रल हे नावच उरत नाही. म्हणून लहान ट्रेडरने एक्स्पायरीच्या आदल्या दिवशी स्ट्रॅडल स्क्वेअर ऑफ करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

खर्च कमी करण्याचा एक मार्ग मात्र खरोखर कामाचा आहे. फ्युचर घेण्याऐवजी विकलेल्या चार कॉलपैकी एक लॉट परत घ्या आणि त्याच स्ट्राइकचा एक पुट जास्त विका. आता तीन कॉल, पाच पुट. एकाच स्ट्राइकचा कॉल घेणं आणि पुट विकणं हे फ्युचर घेण्याच्या बरोबरीचं असतं, त्यामुळे डेल्टा तंतोतंत ७५ नी सरकतो. पण इथे एसटीटी विकलेल्या पुटच्या प्रीमियमवर, ०.१ टक्के, साडेबारा हजारांवर साडेबारा रुपये. दोन सौद्यांची दलाली आणि शुल्कं धरून खर्च सत्तरच्या आसपास, भाव हुकण्याचे ७५ धरले तरी दीडशेच्या आत. निफ्टी स्ट्राइकपासून तीन-चारशे पॉइंट दूर गेला की खोल पैशात असलेल्या ऑप्शनमध्ये घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या भावांतलं अंतर रुंदावतं आणि ही बचत आटते. तेव्हा फ्युचरच बरा.

या सगळ्या खर्चाला चढउताराच्या टक्केवारीत मोजलं की सौदा करावा की नाही हे आधीच ठरवता येतं. १ टक्का फरकाचे दिवसाला १,६६० रुपये. फ्युचरने हेज केलं तर दिवसाचा सगळा खर्च ८०० च्या आसपास, म्हणजे जवळपास अर्धा टक्का. ऑप्शनने केलं तर पाव टक्क्याहून किंचित जास्त. ज्या आठवड्यात प्रीमियम १२ टक्के दाखवतोय आणि आपला अंदाज ११.७ चा आहे, त्या आठवड्यात फ्युचरने हेज करणाऱ्याने हा स्ट्रॅडल विकू नये.