गोफण, पाखरं आणि पाच सेकंदांनी येणारा झटका

गेम बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरीसाठी गेलात की स्वतः केलेल्या एखाद्या गेमबद्दल हमखास विचारतात. नुकतंच शिक्षण संपलेल्या मुलांकडे दाखवायला दुसरं फारसं काही नसतं, त्यामुळे मुलाखतीचा बराच भाग या एका प्रश्नावर जातो. बहुतेक जण उत्तर म्हणून गेमची गोष्ट सांगायला लागतात. नायक कोण, पातळ्या किती, शेवटचा राक्षस कसा मरतो. समोरचा सभ्यपणे ऐकून घेतो. त्याला खरं तर पाहायचं असतं की काम अडलं तेव्हा या माणसानं काय केलं.

एक उदाहरण घेऊ. समजा, प्रोग्रॅमरच्या जागेसाठी एक मुलगी मुलाखतीला आली आहे. तिचा गेम अँड्रॉइड फोनवरचा आहे. ज्वारीच्या शेतात माळ्यावर बसायचं आणि कणसांवर उतरणारी पाखरं गोफणीनं हाकलायची. ती सुरुवात अशी करते: ‘‘गेम युनिटीत केलाय. कोड माझा. चित्रं मैत्रिणीनं काढली, आवाज मोफत संग्रहातून घेतले. दगड हवेतून कसा जातो, तो भाग आधी एका ट्यूटोरियलमधून उचलला होता, नंतर बदलला.’’

गेम काय, कशात केला आणि त्यात तिचं किती, हे अर्ध्या मिनिटात कळलं. ‘सगळं मीच केलं’ असं ती म्हणाली नाही, ते बरंच झालं. एकट्यानं केलेल्या गेममध्येही चार ठिकाणचं उसनं सामान असतं आणि मुलाखत घेणाऱ्याला ते ठाऊक असतं. उसनं काय ते आधीच सांगून टाकलं की उरलेल्या कामावर त्याचा विश्वास बसतो. गट करून गेम केला असेल तर उलटी अडचण येते. प्रत्येक वाक्यात ‘आम्ही’ आलं की तुमचा वाटा सापडतच नाही. तिथं निर्णय गटाचा असला तर तसं म्हणावं, पण जो कोड स्वतः लिहिला त्याला ‘मी’च म्हणावं.

यानंतर तिनं एकच अडचण निवडली. माझ्या मते मुलाखतीचा खरा कस इथे लागतो, कारण पाच अडचणी घाईघाईनं मोजून दाखवण्याचा मोह फार मोठा असतो.

अडचण अशी होती. संगणकावर गेम सुरळीत चालायचा. आईच्या जुन्या, स्वस्तातल्या फोनवर मात्र साधारण दर पाच सेकंदांनी चित्र क्षणभर अडकायचं. नेमका त्याच क्षणी दगड सोडला की नेम चुकायचा. पडद्यावर सेकंदाला 60 चित्रं दाखवायची तर एका चित्रासाठी, म्हणजे एका फ्रेमसाठी, जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात. तिनं सरासरी काढली तर ती सेकंदाला 59 फ्रेम भरली. कागदावर सगळं ठीक! पण पाच सेकंदांतल्या तीनशे फ्रेमपैकी 299 वेळेत आल्या आणि एकीला 80 मिलिसेकंद लागले, तरी सरासरी 59च्या वरच राहते. डोळ्याला झटका बसतो, सरासरीला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून तिनं सरासरी सोडून सर्वांत संथ फ्रेम शोधायला घेतली.

तिचा पहिला अंदाज होता की चित्रं जड आहेत. ती लहान केली, पण झटका तसाच राहिला. मग फोन केबलनं संगणकाला जोडून युनिटीच्या प्रोफायलरमध्ये पाहिलं. प्रत्येक फ्रेममध्ये कशाला किती वेळ गेला ते हे साधन दाखवतं. संथ फ्रेमवर बोट ठेवलं की दरवेळी `GC.Collect` हेच नाव वर यायचं.

हा म्हणजे मेमरीतला कचरा गोळा करण्याचा फेरा. तिचा गेम दर दगडाला आणि दर पाखराला `Instantiate` करून नवी वस्तू घडवत होता आणि काम झालं की `Destroy` करून मोडत होता. शिवाय गुणसंख्येची पाटी प्रत्येक फ्रेमला नव्यानं लिहिली जात होती, गुण बदलले असोत वा नसोत. मेमरीत टाकाऊ तुकडे साठत जायचे आणि ठरावीक भर झाली की सगळं थांबवून झाडलोट व्हायची. लग्नाच्या पंगतीत दर पानामागे नवं ताट विकत आणून जेवण झाल्यावर फेकून द्यावं, तसला हा कारभार.

उपाय या क्षेत्रात जुनाच आहे, त्याला ऑब्जेक्ट पूलिंग म्हणतात. खेळ सुरू होतानाच 40 पाखरं आणि 10 दगड तयार करून लपवून ठेवायचे, लागेल तसे बाहेर काढायचे आणि काम झालं की परत लपवायचे. गुणांची पाटी फक्त गुण बदलल्यावर लिहायची.

पण एवढं कोणत्याही पुस्तकात सापडतं. हे काम तिनं स्वतः केलंय असं समोरच्याला पटलं ते तिच्या पुढच्या वाक्यानं: ‘‘पूल केल्यावर नवाच दोष आला. काही पाखरं दगड न लागताच पडायला लागली.’’ कारण साधं होतं. मागच्या वेळी दगड लागलेलं पाखरू पूलमध्ये परत जाताना ‘लागलाय’ ही खूण तशीच घेऊन जात होतं. नवी वस्तू कोरी असते, वापरलेली वस्तू कोरी करावी लागते. तिनं बाहेर काढतानाच सगळ्या खुणा पुसणारी एक पायरी घातली.

आता उलटतपासणी सुरू होते. चाळीसच पाखरं का? ‘‘सर्वांत अवघड पातळीत एका वेळी बत्तीस दिसत होती, म्हणून थोडी जास्त ठेवली.’’ आणि पूल संपला तर? ‘‘नवं पाखरू घडतं आणि लॉगमध्ये नोंद होते.’’ युनिटीत हा कचरा अनेक फ्रेममध्ये थोडाथोडा गोळा करण्याची सोय आहे, तीच का नाही वापरली? ‘‘वापरून पाहिली. मोठा झटका वाटला गेला, पण कचरा तेवढाच राहिला. म्हणून आधी कचरा कमी केला.’’ ही उत्तरं घोकून येत नाहीत. ज्यानं आकडे स्वतः पाहिलेले असतात त्यालाच ती देता येतात.

निकाल सांगताना ‘गेम आता मस्त चालतो’ याला काही किंमत नाही. तिनं सांगितलं ते असं: तोच फोन, तीच पातळी, पाच मिनिटांचा खेळ. आधी सर्वांत संथ फ्रेम 80 मिलिसेकंदांची होती, नंतर 21ची. त्याची किंमतही तिनं सांगितली: गेम उघडायला किंचित जास्त वेळ लागतो आणि थोडी मेमरी कायम अडकून राहते. आणि मर्यादाही: मोजमाप एकाच फोनवर झालं, दुसऱ्या फोनवर काय होईल ते तिनं तपासलेलं नाही. डाउनलोड किती, असं विचारल्यावर तिनं खरा, अगदी छोटा आकडा सांगितला. प्रोग्रॅमरच्या जागेसाठी त्या छोट्या आकड्यानं फारसं बिघडत नाही. गेम डिझायनरच्या जागेसाठी आली असती तर मात्र गोष्ट वेगळी. तिथं फ्रेमच्या मिलिसेकंदांना कोणी विचारत नाही. पहिल्यांदा खेळणाऱ्यांना गोफण कुठल्या दिशेला ओढायची हे न सांगता कळलं का, किती जणांना कळलं नाही आणि मग काय बदललं, हे सांगावं लागलं असतं.

जाताना गेम फोनमध्ये आधीच टाकून न्यावा. त्या कार्यालयातल्या वायफायच्या भरवशावर राहू नये, आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओही जवळ असू द्यावा. या मुलीनं गिटमध्ये जुनी, झटके देणारी आवृत्ती खूण करून ठेवली होती आणि दोन्ही आवृत्त्या एकाच फोनवर वेगळ्या नावांनी बसवल्या होत्या. समोरच्यानं आधी जुनी खेळून पाहिली, दोनदा नेम चुकवला, मग नवी उघडली.

शेवटी त्यानं विचारलं, ‘‘पुन्हा केलात तर काय बदलाल?’’ ती म्हणाली, ‘‘पहिल्या आठवड्यातच स्वस्त फोनवर चालवून बघेन. आणि पूल स्वतः लिहिणार नाही, युनिटीत आता तयार `ObjectPool` मिळतो.’’ त्यानं लॅपटॉप तिच्याकडे सरकवला आणि पाखरू कोरं करणारी ती पायरी कोडमध्ये कुठे आहे ते दाखवायला सांगितलं.