बारा बरोबर, तरी अर्धाच गुण

वर्तुळाची त्रिज्या 5 सेमी, बाहेरचा बिंदू केंद्रापासून 13 सेमी. स्पर्शिकाखंडाची लांबी काढा. गुण 2. बाईंच्या उत्तरसूचीत त्यांचे चार तुकडे आहेत: स्पर्शिका त्रिज्येला लंब असल्याचे कारणासह विधान, पायथागोरसची मांडणी, त्यात किमती आणि उत्तर. प्रत्येकी अर्धा.

एका मुलाने 169 - 25 = 134 केले. त्याचा फक्त शेवटचा अर्धा गुण गेला. दुसऱ्याने वजाबाकीऐवजी बेरीज करून √194 आणले. म्हणजे काटकोनाची बाजू कर्णापेक्षा मोठी! इथे चूक आकडेमोडीची नाही. मांडणीपासून पुढचे सगळे गुण गेले. तिसऱ्याने नुसतेच ‘12 सेमी’ लिहिले. त्याला उत्तराचा अर्धा. पालक हमखास भांडायला येतात ते याच्याच पेपरावरून.