तेरा लाखांत रोख किती, येणे किती?

बीडच्या मोंढ्यातील कोणताही जुना आडत्या सांगेल की वर्षाची विक्री आणि वर्षाची वसुली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वहीत नावे पडलेली रक्कम गल्ल्यात येईपर्यंत तिच्या भरवशावर नवे देणे पत्करायचे नाही, ही पेढीची शिस्त. मात्र त्याच घरातील मुलगा पुण्यात नोकरीला असतो आणि नव्या कंपनीचे पत्र हाती पडते, तेव्हा ही शिस्त मागे पडते. ‘तीस टक्के वाढ’ एवढेच घरभर होते. विवाहाच्या परिचयपत्रिकेत नवा आकडा चढतो आणि सदनिकेच्या कर्जाचा हप्ताही त्याच आकड्यावरून ठरू लागतो.

कंपनी कर्मचाऱ्यावर वर्षभरात जो एकूण खर्च धरते, त्याला सीटीसी म्हणतात. त्याचे मुख्य दोन भाग असतात. स्थिर भाग ठरलेला असतो. चल भाग कंपनीच्या नफ्यावर व कर्मचाऱ्याच्या कामगिरीवर अवलंबून असतो. दोन्ही नोकऱ्यांत या भागांचे प्रमाण सारखे असेल, तर एकूण आकड्यांची तुलना बरीचशी खरी ठरते. प्रमाण बदलले की तीच टक्केवारी फसवी होते.

एक उदाहरण पाहू. समजा, मुलाचे जुने पॅकेज १० लाखांचे होते : स्थिर ९ लाख व चल १ लाख. गतवर्षी चल भागापैकी ९० टक्के मिळाले, म्हणजे प्रत्यक्ष प्राप्ती ९,९०,००० रुपये. नवे पॅकेज १३ लाखांचे आहे. त्यात स्थिर ९,७५,००० आणि चल ३,२५,०००. कागदावरची वाढ ३० टक्के. पण स्थिर भाग केवळ ७५,००० रुपयांनी, म्हणजे सुमारे ८.३ टक्क्यांनी वाढला. नव्या कंपनीने चल भाग ६० टक्के दिला, तर प्राप्ती ११,७०,००० होते आणि खरी वाढ सुमारे १८ टक्के ठरते. काहीच दिले नाही, तर गतवर्षीपेक्षा १५,००० रुपये कमीच हाती येतात.

तुलना गतवर्षीच्या उत्पन्नाशी करणेही पुरेसे नाही, कारण जुन्या जागी राहिल्यास तेथेही वेतनवाढ झाली असती. ती ८ टक्के धरली आणि चल भाग पूर्वीसारखाच ९० टक्के मिळेल असे मानले, तर तेथील प्राप्ती १०,६९,२०० झाली असती. तेवढी रक्कम गाठण्यासाठी नव्या कंपनीच्या चल भागातून ९४,२०० रुपये, म्हणजे सुमारे २९ टक्के, मिळायलाच हवेत. सौद्याची खरी कसोटी ही आहे. गेल्या तीन वर्षांत त्या पदावरील लोकांना चल भाग किती टक्के मिळाला, हे विचारावे. उत्तर ७०-८० टक्क्यांचे असेल, तर सौदा चांगला. उत्तर टाळले गेले, तर हिशेब स्थिर भागावरच करावा.

याच्या उलटही घडते. स्थिर ७ लाख व चल ३ लाख असलेल्याला साडेदहा लाखांचे पत्र आले, त्यात स्थिर साडेनऊ लाख असले, तर एकूण वाढ अवघी ५ टक्के दिसते. स्थिर भाग मात्र जवळजवळ ३६ टक्क्यांनी वाढलेला असतो. घरी नाक मुरडले जाणारे असे पत्र अनेकदा अधिक भक्कम असते.

पहिल्या वर्षी आणखी एक खड्डा असतो. हिशेबाचे वर्ष मार्चअखेर संपत असेल आणि मुलगा डिसेंबरच्या आरंभी रुजू झाला, तर त्या वर्षाचा चल भाग सहसा चारच महिन्यांचा मिळतो. शिवाय अनेक कंपन्या वाटपाच्या दिवशी नोकरीत असलेल्यालाच तो देतात. त्यामुळे आधी राजीनामा दिल्यास जुन्या कंपनीकडील येणेही बुडू शकते. हे नुकसान रुजू होण्याच्या बोनसमधून भरून मागता येते. पण तो बोनस एकदाच मिळतो, म्हणून वाढीच्या टक्केवारीत त्याला धरू नये.

स्थिर भाग म्हणजेही सगळी रोकड नव्हे. कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटीची तरतूद पुष्कळदा त्यातच मोजलेली असते. म्हणून ९,७५,००० ला बाराने भागून येणारे ८१,२५० रुपये दरमहा बँकेत जमा होतील, असे समजू नये. पत्रासोबतच्या वेतनतक्त्यात मासिक देय रक्कम पाहावी आणि त्यातून स्वतःच्या वाट्याचा निधी व कर वजा करावा. जे उरेल, त्यावरच हप्ता बसवावा. परिचयपत्रिकेत आकडा द्यायचाच असेल, तर ‘स्थिर पावणेदहा लाख, चल भाग वेगळा’ असे लिहावे. समोरच्या व्यापारी कुटुंबाला त्याचा अर्थ लगेच कळेल.